मऊ गादी, गोल तळ की घट्ट टाच? गुडघ्याच्या झिजेसाठी बूट निवडताना: यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे नमुना प्रकरण आहे. ग्रामीण भागात गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या मध्यमवयीन बायकांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका व्यक्तीवर बसवून लिहिलंय. म्हणून नाव-गाव दिलेलं नाही. तालुका दारव्हा, एवढं पुरे.

बाई ५२ वर्षांच्या, आशा सेविका. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. रोज गावातून आणि शेजारच्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, मिळून चार किलोमीटर चालणं होतं, त्यातलं बरंचसं सिमेंटच्या रस्त्यावर आणि थोडं पांदणीनं. घरची तीन एकर, पऱ्हाटी आणि तूर. हंगामात वावरातलं चालणं वेगळं. उजवा गुडघा दोन वर्षांपासून आतल्या बाजूनं दुखतो. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेला असतो, मग सुटतो. चालताना दुखतो आणि बसलं की कमी होतो. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसली. डॉक्टरांनी झीज मध्यम, म्हणजे चारपैकी तिसऱ्या पायरीची, असं लिहिलं. दोन्ही गुडघे किंचित बाहेर वळलेले, उजवा जास्त.

तक्रार त्यांनी अशी सांगितली: "गुडघा आतून ठणकते. घरून उपकेंद्रात जाऊस्तोवर ठीक, पण तिथून पोडावर जाऊन आलं का मग पायरी चढवत नाही."

पायात काय, तर मेडिकलमधून आणलेली "डॉक्टर चप्पल". त्याआधी साधी रबरी. मुलीनं नागपुरातून पाठवलेले जाड तळाचे बूटही घरात होते, तीन दिवस घालून खुंटीला टांगलेले. सारा प्रश्न या जोड्यांभोवतीच होता, म्हणून एकेक बघू.

आधी गुडघ्यात काय होतं ते. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण सगळं वजन एका पायावर येतं. त्या वेळी जमिनीकडून येणारा जोर गुडघ्याच्या मध्यातून जात नाही, थोडा आतून जातो. म्हणून निरोगी माणसाच्या गुडघ्यातही आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार असतो. पाय धनुष्यासारखे बाहेर वळले की हा जोर आणखी आत सरकतो आणि आतला कप्पा आणखी दाबला जातो. बुटाची गोष्ट इथून सुरू होते, कारण पावलाखाली काय आहे यावर हा जोर थोडाफार हलतो. थोडाफारच. बूट बदलून गुडघ्याची झीज भरून येत नाही.

यातून एक घोटाळा झाला आणि तो आजही ऐकू येतो. प्रयोगशाळेत मोजलं तर अनवाणी चालताना गुडघ्याला आत वाकवणारा जोर नेहमीच्या बुटांपेक्षा कमी भरतो. शिकागोच्या एका अभ्यासात २००६ साली हा फरक साधारण १२ टक्के आला. पातळ, सपाट, लवचीक पादत्राणांतही तो कमी दिसला. त्यावरून सल्ला निघाला: टाच नको, जाड तळ नको, पातळ चप्पल बरी. आपल्याकडे तर हे ऐकून लोक खूशच होतात, कारण चप्पल पायात असतेच.

मग २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या गटानं हे माणसांवर तपासलं. पन्नाशीच्या पुढचे १६४ लोक, सगळ्यांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला मध्यम ते जास्त झीज. अर्ध्यांना सपाट लवचीक बूट, अर्ध्यांना जाड तळाचे, टाच घट्ट धरणारे, सहज न वाकणारे बूट. दिवसातून किमान सहा तास, सहा महिने घालायचे. चालतानाच्या दुखण्यात ज्यांना जाणवेल इतका आराम पडला ते घट्ट बुटांच्या गटात ५८ टक्के निघाले, सपाट बुटांच्या गटात ४० टक्के. नव्या तक्रारीही, म्हणजे गुडघा जास्त दुखणं, पाऊल किंवा घोटा दुखणं, सपाट गटात दुपटीहून जास्त होत्या.

म्हणजे मोजणीत जोर कमी आणि प्रत्यक्षात आरामही कमी. हे विचित्र वाटतं, पण दुखणं फक्त जोरावर ठरत नाही. पाऊल किती डगमगतं, त्याला सावरायला पोटरी-मांडीचे स्नायू किती आवळले जातात, टाच दगडावर पडली की किती आदळते, हेही त्यात येतं. या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दोन प्रकारच्या बुटांची एकमेकांशी तुलना होती, बूटच न देता ठेवलेला तिसरा गट नव्हता. रोजच्या हालचालीच्या क्षमतेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि ज्यांचा गुडघा बाहेरच्या बाजूनं झिजलाय, गुडघे एकमेकांना घासतात, त्यांच्यावर हा अभ्यासच नाही. आपल्या बाईंच्या गुडघ्याला मात्र तो बरोबर लागू होतो.

आता त्यांच्या जोड्या.

डॉक्टर चप्पल. हिचा मऊ तळ मूळचा मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलांचा वारसा आहे. कुष्ठरोगात पायाची संवेदना गेली की खडा रुतलेला कळत नाही, जखम होते. त्यासाठी मऊ रबराचा थर आणि खाली कडक तळ, अशी चप्पल बनवली जाते. वर्धा-वरोरा पट्ट्यातल्या जुन्या लोकांना ती ओळखीची आहे. ती चप्पल पावलाच्या कातडीसाठी आहे, गुडघ्यासाठी नाही. बाजारात "डॉक्टर" म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेकदा खालचा कडक तळ नसतोच, नुसता स्पंज असतो. पाठीमागे पट्टाही नसतो.

पट्टा नसण्याचा परिणाम बाईंच्या पायावर उघड दिसत होता. चप्पल पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं खाली आवळायची, टाच चपलेच्या मध्यावर न पडता आतबाहेर पडायची. चप्पल उलटी करून पाहिली तेव्हा उजवी टाच बाहेरच्या कडेनं जवळजवळ अर्धी झिजलेली होती. टाच बाहेरून झिजणं थोडं सगळ्यांचंच असतं. पण एका बाजूला सात-आठ मिलिमीटर कमी झालं की पाऊल दर पावलाला बाहेर कलतं, आणि आधीच बाहेर वळलेला गुडघा आणखी त्याच दिशेला ढकलला जातो. ही चप्पल घरातल्या फरशीवर चालते. चार किलोमीटरसाठी ती पादत्राण म्हणून धरायचीच नाही.

नागपूरचे बूट. यांत दोन गोष्टी एकत्र होत्या, आणि त्या वेगळ्या करून बघितल्याशिवाय उत्तर मिळत नाही. एक म्हणजे तळ खूप जाड आणि खूप मऊ. दुसरी म्हणजे तळ पुढून आणि थोडा मागूनही वर वळलेला, झुलत्या पाळण्यासारखा. आजकाल बरेच बूट असे येतात, पळणाऱ्यांसाठी बनलेले असतात.

मऊपणाबद्दल बाईंचं निरीक्षण पुस्तकात घालावं असं होतं: "पयल्या दिवशी गादीवर चालल्यावानी वाटलं. तिसऱ्या दिवशी पाय थकले, गुडघा जास्तच दुखला." हे नेमकं असंच होतं. दुकानात पाच मिनिटं चालून मऊ बूट नेहमी जिंकतो. टाच पडते तेव्हा वजन आधी बाहेरच्या कडेवर येतं. फोम मऊ असेल तर ती कड दबते आणि पाऊल त्या बाजूला बसतं. मग शरीर दर पावलाला ते सरळ करत राहतं. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या आणि गुडघ्याभोवतीचे स्नायू भरून येतात. आत जो "मेमरी फोम" लिहिलेला असतो तो बहुतेकदा चार-पाच मिलिमीटरचा थर असतो. ६८ किलो वजनाखाली तो काही आठवड्यांत चपटा होतो, मग तो असून नसल्यासारखाच.

म्हणून गादी नको, असा अर्थ नाही. सिमेंटच्या रस्त्यावर थोडी गादी लागतेच, रबरी चपलेचा आदळ गुडघ्याला आणि टाचेलाही जाणवतो. पण गादी दबून लगेच परत येणारी हवी, आणि ती दोन्ही कडांना सारखी दबावी. दुकानात याची परीक्षा अंगठ्यानं होते. बुटाच्या टाचेखालचा फोम बाजूनं अंगठ्यानं जोरात दाबायचा. थोडा दबला आणि अंगठा काढताच सरळ झाला तर ठीक. सहज खोल गेला आणि खूण राहिली तर तो जास्त मऊ. अजिबात दबला नाही तर लाकडासारखा, तोही नको. आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू दाबून बघायच्या. काही बुटांत आतल्या बाजूला मुद्दाम कडक फोम घातलेला असतो, सपाट पावलांच्या लोकांसाठी. ते बूट बाहेर वळलेल्या गुडघ्याला हमखास चालतील असं समजू नये. घालून, चालून बघायचे.

आता गोल तळाचं. पुढून वर वळलेला तळ काय करतो, तर पाऊल उचलताना बोटांना आणि घोट्याला कमी वाकावं लागतं. पाऊल पुढे घरंगळतं. ज्यांचा पायाचा अंगठा मुळाशी कडक झालाय, वर वाकतच नाही, त्यांना याचा खरा फायदा होतो, आणि चवड्याच्या दुखण्यातही होतो. बाईंचा अंगठा तपासला तर तो सहज वर वाकत होता, दुखत नव्हता. म्हणजे गोल तळाची त्यांना पावलासाठी गरज नव्हती. राहिला गुडघा. गोल तळानं गुडघ्याच्या झिजेचं दुखणं नक्की कमी होतं असं ठामपणे सांगता येईल इतका भक्कम आधार नाही. पाळण्यासारखे पूर्ण गोल तळ साध्या बुटांशी ताडून पाहिले तेव्हा दोन्हीकडे सारखाच आराम दिसल्याचीही नोंद आहे.

तोटा मात्र गावाकडे लगेच समोर येतो. गोल तळ सपाट फरशीसाठी ठीक. पांदणीवर बैलगाडीच्या चाकोऱ्या, गिट्टी, उतार. मागूनही वर वळलेला तळ असेल तर उभं राहिल्यावर टाचेला जागाच मिळत नाही. माणूस सतत मागेपुढे डुलतो, उतारावर तर पुढेच ढकलला जातो. बाईंच्या तिसऱ्या दिवशीच्या थकव्यात मऊपणाइतकाच याचाही वाटा होता. दोन्ही दोष वेगळे कसे कळले? त्यांना ते बूट घालून पक्क्या ओट्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं, भिंतीला हात न लावता. चालणं नाही, तरी घोटे हलत होते आणि पायाची बोटं आवळलेली होती. नुसतं उभं राहतानाचं मागेपुढे डुलणं हा तळाच्या गोलाईचा दोष, तो फोम बदलून जात नाही. मग टाचेखालचा फोम दाबला, तर अंगठा खोल गेला. म्हणजे दोन्ही दोष होते.

मधला रस्ता आहे आणि बहुतेक चांगल्या चालण्याच्या बुटांत तो आपोआप असतो: टाच सपाट, आणि फक्त चवड्याच्या पुढचं टोक बोटभर वर उचललेलं. बूट सपाट टेबलावर ठेवून बाजूनं बघा. टाचेपासून चवड्यापर्यंत तळ टेकलेला असावा, आणि वळण चवड्याच्या हाडांच्या जरा मागून सुरू व्हावं. एवढी गोलाई सिमेंटवर पाऊल सोपं करते आणि पांदणीवर त्रास देत नाही. मोच्याकडून जुन्या बुटाला जास्तीची गोलाई लावून घेण्याचा मोह टाळावा. दोन्ही बुटांची उंची सारखी राहत नाही, आणि मग कंबर बोलायला लागते.

तिसरी गोष्ट टाच. तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त काम तिनंच केलं.

टाच स्थिर असणं म्हणजे दोन भाग. एक, बुटाच्या मागच्या बाजूला आतमध्ये जी कडक वाटी असते, ती खरंच कडक असावी. अंगठा आणि तर्जनीनं तळाच्या दोन सेंटिमीटर वर मागून आवळा. वाटी कागदासारखी आत गेली तर तो बूट परत ठेवा. दोन, टाचेखालचा तळ रुंद असावा, वरच्या भागाइतका किंवा थोडा बाहेर आलेला. आत निमुळता होत जाणारा नको. टाचेची उंची साधारण तीन सेंटिमीटर आणि चवड्याखाली त्याहून एक सेंटिमीटर कमी, इतपत ठीक. उंच टाच नकोच. चार सेंटिमीटरच्या आसपासच्या टाचेनंही गुडघ्यावरचा जोर वाढल्याचं मोजलं गेलंय, सणावाराच्या सँडलसुद्धा त्यातच आल्या.

आणखी दोन परीक्षा हातानंच होतात. बूट दोन्ही टोकांना धरून ओल्या फडक्यासारखा पिळा. मधून सहज पिळला गेला तर वळणावर तुमचं पाऊलही तसंच पिळणार. मग टोक आणि टाच एकमेकांकडे दाबा. बूट चवड्याच्या रेषेवर वाकला पाहिजे. मध्यातून, कमानीखाली वाकला तर तो तुटका आहे असंच समजा. शेवटी दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून बघा. मागची शिवण उभी सरळ असावी. स्वस्त मालात नव्याच जोडीची एक टाच आत किंवा बाहेर कललेली सापडते, आणि दुकानदाराला ते माहीत नसतं.

बाईंच्या बाबतीत माप हाही एक प्रश्न होता. अनवाणी आणि चपलेत वाढलेलं पाऊल पुढून रुंद असतं. बायकांच्या बुटांचा पुढचा भाग अरुंद निघतो, म्हणून त्या एक-दोन नंबर मोठा घेतात, आणि मग टाच मागे हलते. टाच हलली की कडक वाटीचा उपयोग संपला. मापाची रीत अशी ठरवली: संध्याकाळी, दिवसभराच्या चालण्यानंतर, जो मोजा घालायचा तोच घालून, उभं राहून कागदावर दोन्ही पावलं आखायची. उजवं २४.३ सेंटिमीटर आलं, डावं २४.१. मोठं धरायचं आणि त्यात एक सेंटिमीटर मोकळं. दुकानात बुटातला आतला तळवा बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. टाच मागे बरोबर बसवल्यावर पुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा राहिली पाहिजे आणि करंगळी कडेबाहेर जाता कामा नये. बायकांच्या कप्प्यातल्या चारही जोड्यांत करंगळी बाहेर गेली. पुरुषांच्या कप्प्यातला सहा नंबर बसला. दुकानदार हसला, पण आपल्याकडे नंबर सारखेच असतात, फक्त साचा रुंद असतो. काळा रंग घेतला, नऊवारी-सहावारीखाली फारसा डोळ्यात येत नाही. हेही व्यवहाराचं आहे, कारण "म्हातारपणी बूट घालून कुठं चालली" हे एकदा ऐकलं की जोडी खुंटीला जाते.

दुकानात एक सल्ला मिळालाच: तळव्याखाली बाहेरच्या बाजूला पाचर टाका, गुडघा सरळ होतो. हा सल्ला बरीच वर्षं डॉक्टरही देत. कल्पना तर्काला धरून आहे, बाहेरून उचललं तर जोर थोडा बाहेर सरकतो. पण २०१३ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा सपाट तळव्याच्या तुलनेत दुखण्यात फायदा दिसला नाही. आज सरसकट पाचर कुणी सुचवत नाही. बाईंनी टाकली नाही.

मोजायचं काय, हे आधी ठरलं. घर ते उपकेंद्र हा ८०० मीटरचा सिमेंट रस्ता. पोचल्यावर गुडघ्याचं दुखणं दहापैकी किती, हे वहीत लिहायचं. एका दिवसाचा आकडा बघायचा नाही, आठवड्याची सरासरी बघायची, कारण गुडघा वावरातल्या कामानंही वरखाली होतो. दोन अंकांचा फरक पडला तर खरा फरक. जुन्या चपलेत सरासरी ६ होती.

नवे बूट पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढवत, आठवड्याभरात सहा तास. घाई केली तर नडगी आणि टाचेचं मागचं कातडं बोलतं. पहिल्या आठवड्यात त्यांची उजवी टाच मागून सोलली. कारण सापडलं: मोजा जुना, मागून गोळा होणारा. पातळ सुती मोजा, घट्ट, असा बदल केला. दुसऱ्या आठवड्यात सरासरी ५, सहाव्या आठवड्यात ४ च्या जरा खाली. चवडा-घोटा काही नाही. उकिडवं बसणं आणि पायऱ्या उतरणं जवळपास होतं तसंच राहिलं. ते बुटाकडून मागायचंही नव्हतं, त्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम वेगळा चालू होता.

आठव्या आठवड्यात आकडा पुन्हा ६ वर गेला. बाईंना वाटलं, गुडघाच वाढला. गोळ्या वाढवायची तयारी होती. पण बूट हातात घेतले तेव्हा उजव्या बुटाची मागची वाटी मऊ पडली होती आणि वरची कड आत दुमडलेली होती.

कारण त्यांच्या कामातच होतं. आशाताई दिवसातून पंधरा-वीस घरात जातात, आणि घरात जाताना पायातलं बाहेर काढायचंच. लेस सोडा, बांधा, परत सोडा, हे कोण करणार? गाठ न सोडता त्या टाच दाबून पाय बाहेर ओढायच्या आणि परत तसाच आत सारायच्या. घाईत तर टाच मोडून चपलेसारखा घालून अंगणातून पलीकडच्या घरी. दोन महिन्यांत वाटीचा पुठ्ठा मोडला. शहरात लिहिलेल्या सल्ल्यात ही अडचण येतच नाही, कारण तिथे बूट सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरतो. गावात बूट किती वेळा काढावा लागेल, हे विकत घेण्याआधी विचारलंच पाहिजे.

मोडलेली वाटी मोची नीट करू शकत नाही, वरून चामडं लावलं तरी ती आतून मऊच राहते. जोडी बदलावी लागली. या वेळी तीच जात, पण लेसऐवजी वरून दोन रुंद वेल्क्रो पट्टे. घरापुढे पट्टे पूर्ण उघडायचे, मगच पाय काढायचा. घालताना टाच मागे आपटून आधी बसवायची, मग पट्टे पायाच्या वरच्या बाजूला घट्ट. पट्टे न ओढता पाय घसरवण्याचे बूट येतात, ते काढायला सोपे, पण टाच धरत नाहीत, म्हणून नाकारले. घरोघरच्या फेरीत जिथे दोन-तीन घरं लागूनच आहेत तिथे ओट्यावर बसूनच बोलणं व्हावं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. चार आठवड्यांत सरासरी परत ४.

वावरासाठी हे बूट नाहीत, हे पहिल्यापासून सांगितलं होतं. काळ्या मातीचा चिखल खोल खाचांत असा बसतो की वीस पावलांत बूट दुप्पट जड होतो, आणि टाचेखाली मातीचा गोळा एका कडेला चिकटला तर सगळी स्थिरता गेली. डवरणी-वेचणीच्या दिवसात मागून पट्टा असलेली, उथळ खाचांची रबरी सँडल, धुऱ्यावर थांबून काडीनं माती काढत. पावसाळ्यात रस्त्यावरचे बूट भिजले तर आतला तळवा बाहेर काढायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि सावलीत. चुलीजवळ किंवा पत्र्यावर ठेवलेल्या बुटाचा तळ सुटतो, फोम आखडतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवले तरी फोम मऊ पडून बसका होतो, म्हणून मातीच्या भिंतीकडे, खाली.

कुणाला हे प्रकरण लागू नाही, तेही लिहायला हवं. गुडघा लाल-गरम सुजला, अचानक अडकतो, दगा देतो, रात्री झोपेतून उठवतो, किंवा पोटरी एकाएकी सुजली, तर आधी डॉक्टर, बूट नंतर. मधुमेहात पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नवा बूट घालण्याआधी रोज पावलं बघायची सवय लागते, आणि घट्ट टाचेचा घासा जखमेत बदलू शकतो.

बदलायचं कधी, याला किलोमीटरचा हिशोब आहे, पण त्यापेक्षा डोळा बरा. महिन्यातून एकदा बूट ओट्यावर ठेवून मागून बघायचं. शिवण कलली, टाचेची बाहेरची कड चार-पाच मिलिमीटर जास्त झिजली, किंवा अंगठ्यानं दाबलेला फोम परत येत नाही, यातलं एक झालं की रस्त्यासाठी ती जोडी संपली. रोज चार किलोमीटर, बहुतेक सिमेंटवर, या हिशोबानं बाईंची दुसरी जोडी नवव्या महिन्यात इथे पोचली: उजवी टाच, बाहेरची कड. डावी जवळपास नवी होती. दुकानदारानं फक्त उजव्या टाचेखाली रबर लावून द्यायची तयारी दाखवली. पण फोमही बसला होता, आणि वरून रबर लावल्यानं तो उठत नाही. नवी जोडी घेतली, त्याच साच्याची, त्याच नंबराची, पुन्हा पावलं आखून.